चुकलेल्या उत्तरासाठी लिहिलेली उत्तरसूची

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर महाराष्ट्रात शिक्षणाचे बरेच मार्ग उघडले गेले. ‘दीक्षा’ अ‍ॅप होते, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत असे, पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ही आला. तरीही त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘असर’च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण पालकांना फोन करून विचारले, तेव्हा मागच्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी शिक्षणसाहित्य मिळालेली मुले साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकीच निघाली. म्हणून अनेक शिक्षकांनी सगळ्यात जुना रस्ता धरला. पाने छापायची, घरोघर द्यायची आणि आठवड्याने परत आणायची.

अशी पाने मी पुष्कळ पाहिली आहेत, स्वतः केलीही आहेत. बहुतेक पाकिटांत प्रश्न चांगले असतात. उत्तरे मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एका ओळीत दाटलेली असतात: १) २२६ २) ४५६ ३) ३४४. घरात कोणी शिकलेले असेल, तर एवढ्याने भागते. मूल चुकले की आई किंवा ताई शेजारी बसते आणि कुठे घसरलास ते दाखवते. पण आईवडील ऊसतोडणीला गेले आहेत, घरी आजी आहे आणि तिला अक्षरओळख नाही, अशा चौथीतल्या मुलाला ‘२२६’ एवढेच सांगून काय कळणार? आपले ३७४ चूक आहे, इतकेच कळते. मग ते ३७४ खोडते, २२६ लिहिते आणि पुढच्या गणितात तीच चूक पुन्हा करते.

म्हणून माझे मत असे आहे की, एकट्याने शिकणाऱ्या मुलाच्या पाकिटात सगळ्यात जास्त वेळ उत्तरसूचीवर घालवावा, आणि ती प्रश्नांच्या आधी लिहायला घ्यावी. कारण शाळा बंद असताना चूक झालेल्या क्षणी मुलाशी बोलणारे तेवढे एकच पान असते.

एकच आठवडा घेऊन हे नीट पाहू. इयत्ता चौथी, विषय हातच्याची वजाबाकी, त्यातही वरच्या संख्येत मध्ये शून्य असलेली. या जागी वर्गातही बरीच मुले अडखळतात, म्हणून मुद्दाम हीच घेतली.

उदाहरण ५०४ वजा २७८. बरोबर उत्तर २२६. या गणिताची चुकीची उत्तरे वाटेल ती येत नाहीत. मुलांच्या चुका ठरावीक वाटांनी जातात. ज्याला हातचा अजून उमगलेला नाही, ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते. आठातून चार, सातातून शून्य, पाचातून दोन. त्याचे उत्तर येते ३७४. दुसरे मूल एककाला चौदा करते, दशकातल्या शून्याचे नऊ करते, पण ज्या शतकातून हे सगळे आले त्या पाचाचे चार करायला विसरते. त्याचे उत्तर ३२६. तिसरे शतक मोडून शून्याचे दहा करते, त्यातला एक दशक एककाला देते, पण दहाचे नऊ करत नाही. त्याचे २३६. चौथे शून्याला वळसा घालून शतकातला एक थेट एककाला देऊन टाकते. मग दशकात शून्यातून सात कसे काढायचे? कोणी उलटे करून सात लिहिते, उत्तर २७६. कोणी ‘शून्यातून काही जात नाही’ म्हणत शून्य लिहिते, उत्तर २०६.

प्रत्येक चुकीच्या उत्तरावर त्या चुकीचा पत्ता लिहिलेला असतो. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये हे पद्धतशीर मांडले. त्यांनी निकाराग्वातल्या चौथी ते सहावीच्या तेराशेहून अधिक मुलांच्या वजाबाक्या तपासल्या. पुष्कळ मुलांच्या चुका निष्काळजीपणाच्या नव्हत्या. ती मुले एक चुकीची रीत अगदी प्रामाणिकपणे, प्रत्येक गणितात पाळत होती. अशा मुलाला ‘लक्ष देऊन कर’ म्हटले, तर ते लक्ष देऊन तीच चुकीची रीत पुन्हा वापरते.

आता उत्तरसूची लिहू. बरोबर उत्तर आणि मग नेहमीची चुकीची उत्तरे, प्रत्येकासमोर मुलाशी बोलणारी एक-दोन वाक्ये.

“२२६ आले? बरोबर. खालचे जोड गणित कर.

३७४ आले? तू एककात ८ मधून ४ काढलेस. आपल्याला वरच्या ४ मधून ८ काढायचे आहेत. ४ कमी पडतात. नोटा घे आणि पान ५ वरचे चित्र बघ.

३२६ आले? तू शंभराची एक नोट मोडलीस. मग शंभराच्या किती नोटा उरल्या? ५ वर काट मार आणि उरल्या तेवढ्या लिही.

२३६ आले? दहाच्या १० नोटा झाल्या. त्यातली एक तू मोडून सुटी केलीस. मग दहाच्या किती उरल्या?

२७६ किंवा २०६ आले? शंभराची नोट मोडून आधी दहाच्या नोटा घे. मग दहाची एक मोडून सुटे घे. पुन्हा कर.

दुसरे काही आले? तुझ्या उत्तरात २७८ मिळव. ५०४ येत नसेल तर नोटा मांडून एकदा कर. तरी जमले नाही तर गणितावर चांदणी काढ आणि पुढे जा.”

शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. एकटे मूल कुठे थांबायचे हे ठरवू शकत नाही. वर्गात बाई म्हणतात, ‘राहू दे, उद्या बघू.’ घरी तसे म्हणायला कोणी नसते. मग मूल एकाच गणितावर दुपार घालवते, किंवा पाकीट मिटून टाकते ते आठवडाभर उघडत नाही. चांदणी काढून पुढे जायची परवानगी छापून द्यावी लागते, आणि ती चांदणीच पाकीट परत आले की शिक्षकाला सर्वात आधी दिसते.

वाक्यांची ठेवणही बघा. ३२६ आणि २३६ यांच्यासमोर उत्तर दिलेले नाही, मुलाला हाताने करता येईल असा छोटा प्रश्न दिला आहे. ३७४ समोर मात्र प्रश्न न विचारता सरळ सांगितले आहे, कारण त्या मुलाला हातच्याची कल्पनाच अजून आलेली नाही, आणि नसलेल्या कल्पनेबद्दल प्रश्न विचारून ती येत नाही. त्याला चित्राकडे आणि नोटांकडे पाठवायचे. शाळेत खेळातल्या नोटा असतातच. पाकिटात जाड कागदावर छापलेल्या शंभराच्या ९, दहाच्या २० आणि एक रुपयाची २० नाणी असावीत. पहिल्या आठवड्यात ती कापून घ्यायची, पुढे वर्षभर चालतात.

आता आकडे निवडण्याबद्दल, कारण ही सूची चालेल की नाही हे तिथेच ठरते. समजा सोमवारी सोपी सुरुवात म्हणून ५२ वजा २७ दिले. बरोबर उत्तर २५. जे मूल उलटे काढते त्याचे येते ३५. जे मूल हातचा घेते पण पाचाचे चार करत नाही, त्याचेही ३५. दोन अगदी वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. आता सूचीत ३५ समोर काय लिहिणार? तेच ५३ वजा २७ दिले, तर बरोबर उत्तर २६, उलटे काढणाऱ्याचे ३४ आणि कमी करायला विसरणाऱ्याचे ३६. चुका वेगळ्या झाल्या.

कारण साधे आहे. दोन आणि सात यांच्यात पाचाचे अंतर आहे. सातातून दोन काढा किंवा बारातून सात काढा, पाचच उरतात. म्हणून हातच्याच्या घरात वरच्या आणि खालच्या अंकांत पाचाचे अंतर नको. मधल्या शून्याखाली पाच ठेवले तरी हाच घोटाळा होतो. ५०४ वजा २५८ दिले, तर दहाचे नऊ न करणाऱ्याचे उत्तर २५६ येते आणि शून्याला वळसा घालून उलटे काढणाऱ्याचेही २५६. म्हणून वरच्या उदाहरणात खाली सात आहे. गणित छापायला देण्याआधी शिक्षकाने ते स्वतः सगळ्या चुकीच्या रीतींनी सोडवून बघावे. प्रत्येक रीतीचे उत्तर वेगळे आले, तरच ते गणित पाकिटात जावे. एका गणिताला पाच मिनिटे लागतात. म्हणून दिवसाला वीस गणिते देण्यापेक्षा अशी निवडलेली सहा द्यावीत.

आठवड्याची आखणी यातूनच निघते. सोमवारी दोन अंकी वजाबाक्या, मंगळवारी तीन अंकी पण शून्याशिवायच्या. बुधवारी शून्य येते, आणि त्या दिवशी पानावर एक पूर्ण सोडवलेले उदाहरण असते. ६०३ वजा १४७. सहा शतक, शून्य दशक, तीन एकक. तीनातून सात जात नाहीत, दशकही नाही, म्हणून एक शतक मोडून पाच शतक आणि दहा दशक केले. त्यातला एक दशक मोडला. आता पाच शतक, नऊ दशक, तेरा एकक. मोडल्यानंतरही ही संख्या ६०३ च आहे, हे चित्राखाली स्वतंत्र ओळीत लिहावे, कारण इथेच मुलाला शंका येते. मग तेरातून सात सहा, नऊतून चार पाच, पाचातून एक चार. ४५६.

गुरुवारी तशाच उदाहरणाची शेवटची पायरी मुलासाठी मोकळी ठेवायची, त्याच्या पुढच्यात शेवटच्या दोन, तिसऱ्यात सगळ्या. शुक्रवारी मिसळलेली गणिते, त्यात ५८७ वजा २४३ सारखी बिनहातच्याचीही. चार दिवस हातचा घेऊन मुलाचा हात असा बसतो की गरज नसतानाही ते शेजारचे घर फोडते. ते कळण्यासाठी असे गणित मध्ये असलेच पाहिजे. शनिवारी मागच्या आठवड्यातली काही गणिते आणि दोन शाब्दिक उदाहरणे. रविवार मोकळा.

सोमवारीच आणखी एक गोष्ट शिकवून ठेवायची, ती म्हणजे उत्तरसूचीशिवाय तपासणे. उत्तरात खालची संख्या मिळवली की वरची संख्या यायला हवी. २२६ आणि २७८ मिळून ५०४. ३७४ आणि २७८ मिळून ६५२ होतात, म्हणजे काहीतरी बिघडले. मुलाला ही सवय लागली की सूची उघडण्याआधीच त्याला आपल्या उत्तराचा अंदाज असतो. पण बेरीजच कच्ची असेल, तर हा पडताळा गोंधळ वाढवतो. बरोबर वजाबाकी चुकीच्या बेरजेने खोटी ठरते आणि मूल चांगले उत्तर खोडून टाकते. म्हणून ज्यांची बेरीज पक्की नाही त्यांच्या पाकिटात पडताळ्याचा चौकोन छापू नये, सूचीतली बेरजेची सूचनाही काढून फक्त नोटा मांडायला सांगावे.

‘मुले उत्तरे बघून लिहितील’ ही सर्वांची काळजी असते. लिहितात. सूची वेगळ्या पाकिटात चिकटवून दिली तरी ती उघडतात. मुलांवर पाळत ठेवणे घरी शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. दोन गोष्टींनी बरेच काम होते. पहिली, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहायचे की या पाकिटाला गुण नाहीत आणि चुकलेले खोडायचे नाही. चूक तशीच ठेवायची, शेजारी दुसऱ्या रंगाने दुरुस्ती करायची. पाकिटात एक लाल पेन्सिल घातली तर मुले हे आवडीने करतात. दुसरी गोष्ट म्हणजे वर आलेले जोड गणित. प्रत्येक तपासलेल्या गणिताखाली त्याच जातीचे एक गणित असते आणि त्याचे उत्तर पाकिटात कुठेच नसते. ५०४ वजा २७८ चे जोड गणित ७०२ वजा ४६८. बरोबर उत्तर २३४, उलटे काढले तर ३६६, शतक कमी करायचे राहिले तर ३३४, दहाचे नऊ करायचे राहिले तर २४४. वरचे गणित स्वच्छ बरोबर आणि जोड गणितात ३६६ दिसले, की मुलाने वरचे उत्तर उतरवले आहे हे शिक्षकाला कळते. रागावण्यासारखे त्यात काही नाही. त्या मुलाला सूचीतले शब्द पोहोचले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द पोहोचत नाहीत, कारण चौथीतल्या कितीतरी मुलांचे वाचन दुसरीच्या पातळीवर असते. गणित येत असते, पण सूचना वाचता येत नाही. ‘खालील उदाहरणे सोडवून पडताळा घ्या’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात चालते, कारण तिथे बाई ते वाचून दाखवतात. पाकिटात ‘सोडव’, ‘तपास’, ‘बघ’, ‘पुन्हा कर’ अशी सहा-सात क्रियापदे पुरतात. ती दर आठवड्याला तीच ठेवावीत आणि प्रत्येकासोबत ठरलेले चित्र असावे. पान तयार झाले की एका मुलाच्या हातात द्यायचे, आपण गप्प बसायचे आणि ते कुठे थांबते ते बघायचे. आकड्यांवर थांबले तर गणिताचा प्रश्न आहे. वाक्यावर थांबून आपल्याकडे वर बघितले, तर ते वाक्य आपल्याला बदलायचे आहे. शाळा बंद असली तरी शेजारचे एखादे मूल यासाठी मिळतेच.

भाषेच्या पानांना ही रीत जशीच्या तशी लागू होत नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नाला मूल पाच तऱ्हांनी बरोबर उत्तर देऊ शकते, आणि सूचीतल्या वाक्याशी आपले वाक्य जुळले नाही की ते आपलेच चुकले असे समजते. तिथे उत्तराच्या आधी ठिकाण द्यावे: “चौथी ओळ पुन्हा वाच. तुझ्या उत्तरात त्या ओळीतली गोष्ट आली का?” मग त्याखाली दोन वेगवेगळी बरोबर उत्तरे, म्हणजे शब्द वेगळे असले तरी चालतात हे मुलाला दिसते. निबंध किंवा पत्र स्वतः तपासणे या वयात जवळजवळ अशक्य आहे. कोणाला लिहिले ते आले का, कशासाठी लिहिले ते आले का, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे का, एवढे हो-नाहीचे प्रश्न देता येतात. लिखाण चांगले झाले का, हे माणसानेच वाचून सांगायला हवे, आणि पाकिटाने तसा आव आणू नये.

छपाईचे गणित सोपे आहे. रोज दोन पाने म्हणजे सहा दिवसांची बारा, उत्तरसूची तीन आणि मुखपृष्ठ एक, अशी सोळा पाने. ए-फोर कागद मधोमध दुमडून पाठपोट छापले की एका कागदावर चार पाने बसतात, म्हणजे एका मुलाला चार कागद. तीस मुलांना एकशेवीस, पाचशेच्या रिमचा जवळजवळ चौथा हिस्सा. सूची शेवटी एकत्र छापण्यापेक्षा दर दोन दिवसांनी एक पान मध्ये घालावे. बुधवारचे तपासताना शनिवारच्या उत्तरांवर नजर जात नाही.

पाकिटे परत आली की शिक्षकाला तीस मुलांचे सगळे पान न पान तपासायचे नसते. ते काम मुलांनी केलेले आहे. आधी चांदण्या बघायच्या, मग फक्त जोड गणिते. पंधरा-वीस मिनिटांत पाकिटांचे गठ्ठे पडतात. २३४ वाले पुढच्या पाकिटात पुढच्या घटकाकडे जातात. ३३४ आणि २४४ वाल्यांना रीत कळली आहे, मोडलेल्या नोटेचा हिशेब राहतो आहे. त्यांच्या पुढच्या सोमवारी मोडलेला अंक काटून नवा लिहायला वर छोटे चौकोन छापायचे. ३६६ वाल्यांना मात्र पुन्हा कागद देऊन उपयोग नाही. कागदी सूचीने एकदा सांगून पाहिले, कळले नाही. त्यांच्या पाकिटावर पेन्सिलीने खूण करायची, आणि पुढच्या वेळी पाकिटे वाटताना त्या चार-पाच दारांशी नोटा घेऊन दहा मिनिटे बसायचे.